बाईंच्या फीवरचा कर

दातवाल्यांना मी दादा म्हणते, ते मला ताई म्हणतात, आणि आमच्यात वयानं मोठं कोण हा विषय दोघांनीही कधी काढलेला नाही. ते माझे अशील, मी त्यांची सीए. माझ्या डाव्या बाजूची खालची दाढ त्यांनी केलेली आहे. त्यामुळे त्यांच्यावर कितीही चिडले तरी दात-ओठ खाताना दाढ त्यांचीच वापरावी लागते. हे त्यांना सांगितलं की ते खूश होतात. चिडलेय, हे ऐकूच येत नाही त्यांना.

त्यांचा धंदा दंतवैद्यांसाठी दात बनवायचा. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ठसा दादांकडे येतो आणि दादा त्यावर कॅप करून पाठवतात. पेशंटचा चेहरा यांना कधी दिसत नाही. पण ठसा हातात घेऊन म्हणतील, "हा माणूस झोपेत दात खातो बरं का. फार काळजी करणारा असणार बिचारा." सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे त्यांचा कारखाना. एका खोलीत प्लास्टरचे साचे, भट्टी आणि दात कोरणारं मशीन. दुसऱ्या खोलीत कॉम्प्युटर आणि वहिनी. वहिनी हिशेब बघतात, फोन घेतात आणि दादांना जेवायला उठवतात. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड, असं त्या म्हणतात.

पूर्वी दादा मेणात दात कोरायचे. दाढेवरच्या खाचा, उंचवटे, वरच्या दाताला खालचा नेमका कुठे टेकेल, सगळं एका बारीक सुरीनं. गावातले डॉक्टर अडलं की त्यांच्याकडेच यायचे. मग त्यांचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, घराण्यात असतं हे, फक्त जाणार नाही. घाबरण्यासारखं नाही, हे डॉक्टरला म्हणायला काय जातं? दादांनी कोणाला सांगितलं नाही. मेण बिघडलं की पुन्हा ओतायचे, पुन्हा कोरायचे. एकच दाढ करण्यात दिवस जायला लागला. मग कामं परत पाठवायला लागले. वहिनींना कळलं ते चहावरून. दादांनी बशी घ्यायचं सोडलं होतं.

त्यांनी कर्ज काढून ते कोरायचं मशीन घेतलं आणि त्याच्यासाठी परदेशातल्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर. ठसा स्कॅन करायचा, दात पडद्यावर घडवायचा, मशीन तो कोरून देतं. सॉफ्टवेअरचं लायसन्स दरवर्षी घ्यावं लागतं. पैसे बँकेतून जायचे आणि प्रत्येक वेळी बँकेला द्यायचं ते निवेदन मी भरायचे, की या रकमेवर इथे कर लागत नाही, म्हणून कापलेला नाही. यात लपवाछपवी काही नव्हती. कर लागत नाही तर कापायचा कशाला?

तर या लायसन्सच्या पैशांवरून नोटीस आली. परदेशात जाणारे पैसे बघणारा एक वेगळा अधिकारी असतो, त्याची. या कंपनीला तुम्ही इतके पैसे पाठवलेत, कर कापला नाहीत, का? करार द्या, बिलं द्या, ती कंपनी तिथलीच असल्याचा दाखला द्या. आणि याखेरीज परदेशात आणखी काही दिलं असेल, तर तेही सांगा.

दादा घाबरले. साहजिक आहे. परदेशी माणसाच्या पैशातून कर कापायची जबाबदारी देणाऱ्याची. तो कापायला हवा होता असं ठरलं, तर अधिकारी सातासमुद्रापलीकडे वसुली करायला जात नाही, इथल्यालाच धरतो. वर महिन्यागणिक व्याज. सगळ्या वर्षांचं मिळून ते इतकं झालं असतं की मशीन विकावं लागलं असतं. मशीन गेलं की राहिलं काय? मेण आणि ते हात.

"दादा," मी म्हटलं, "आपली बाजू भक्कम आहे. तुम्ही पुस्तक विकत आणलं म्हणून ते छापून विकायचा हक्क तुम्हाला मिळतो का? नाही ना? हेही तसंच. तुम्ही फक्त वापरताय. त्या कंपनीचं इथे ना ऑफिस, ना माणूस. झोपा स्वस्थ."

आणि मी उत्तर लिहिलं. छान लिहिलं होतं, उगाच विनय कशाला? मसुदा घेऊन त्यांच्याकडे गेले. दादांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या पानावर गेले.

"यात बाई कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"कोण बाई?"

"शिकवणाऱ्या बाई. त्यांची फी यात दिसत नाही."

मी वहिनींकडे बघितलं. वहिनी फोनकडे बघायला लागल्या, आणि तो वाजतही नव्हता.

मग कळलं. सॉफ्टवेअर आलं तेव्हा दादांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याच कंपनीकडे शिकवायला माणसं होती, तासावर पैसे घेऊन. दादांच्या वाट्याला एक वयस्कर बाई आल्या. आठवड्यातून एकदा कॉम्प्युटरवरून शिकवायच्या. त्यांची भाषा तिसरीच, दोघांचंही इंग्रजी तोडकंमोडकं. दोन वर्षं हे चाललं होतं. फी दादा फर्मच्या कार्डानं भरायचे, त्यामुळे बँकेनं निवेदन मागितलं नाही, आणि मला कोणी सांगितलं नाही. कंपनीचं नाव तेच, म्हणून वहिनींनी सगळं 'सॉफ्टवेअर' म्हणून एकाच खात्यात टाकलं होतं. बिलं मात्र वेगळी होती आणि सगळी जपून ठेवलेली होती.

मी कपाळाला हात लावला. "अहो, शिकवण्याची फी म्हणजे वेगळं प्रकरण! त्यावर कर लागू शकतो. तुम्हाला टीडीएस काय असतो माहीत नाही का? माझ्या फीतून तर दरवर्षी बिनचूक कापता."

"तुमचं वेगळं हो, ताई."

"काय वेगळं?"

"तुम्ही इथल्या. तुम्हाला माहितीय का कापतो ते." दादांनी चष्मा काढला. "कंपनीच्या करारात लिहिलं होतं, फी पूर्ण पोचली पाहिजे, कर असेल तर तो तुमचा तुम्ही बघा. पण तेही राहू दे. शिकवणाऱ्याच्या पैशातून मी कापायचं? बाईंनी मोजून दहा सांगितले आणि मी नऊ हातावर ठेवायचे? मला नाही जमलं."

कायद्याला हे उत्तर चालत नाही. कर फी घेणाऱ्या कंपनीचा असतो, आपण फक्त तो मधून काढून सरकारकडे भरायचा, त्याची पावती त्यांना द्यायची, ते ती तिकडे दाखवतात. यात अपमान कसला? मी हे सगळं जरा चढ्या आवाजात सांगितलं. वहिनींनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

पाणी पिऊन मी सगळं नीट समजून घेतलं आणि मला वाट दिसली. आपल्या आणि त्या देशातला जो करार आहे, त्यात एक अट आहे. बाहेरच्या माणसानं नुसती मदत केली आणि तो गेला, तर त्या फीवर इथे कर नाही. पण त्यानं आपलं कौशल्यच असं दिलं, की घेणारा पुढे त्याच्याशिवाय ते काम स्वतः करू शकतो, तर मात्र कर लागतो. म्हणजे सगळं येऊन थांबत होतं एका प्रश्नावर. बाईंशिवाय दादांना जमतं का?

"दादा, तुम्हाला कधी अडत असेलच की. अवघड केस आली की बाईंना विचारावंसं वाटत असेल."

"वाटतं ना. खूप वाटतं."

"झालं तर मग! आपण म्हणू, त्यांनी मदत केली, अडचणी सोडवल्या. पूर्ण शिकलो असं काही नाही."

"विचारावंसं वाटतं, ताई. अडत नाही."

दादांनी मला कॉम्प्युटरसमोर नेलं. एक दाढ पडद्यावर होती, नारळाएवढी मोठी दिसत होती. दादांचा उजवा हात टेबलावर थरथरत होता, पण माउसला त्यांनी हातच लावला नाही. डाव्या हाताच्या दोन बोटांनी ते बटणं दाबत होते, आणि दर वेळी दाढेवरचा उंचवटा केसभर सरकत होता.

"पहिल्या काही तासांत मी माउस धरायचो," ते म्हणाले. "बाईंना माझा पडदा तिकडे दिसायचा. त्यावरचा बाण थरथरताना दिसत असणार. एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, आजपासून आपण माउस नाही वापरायचा, सगळं बटणांनी करायचं, मीसुद्धा तसंच करणार. आणि त्यांनी स्वतःचा माउस उचलून मागे ठेवून दिला. तिकडे कोणी असं शिकवत नाही, ताई. त्यांनी माझ्यासाठी बसवलं ते. आणि शेवटच्या दिवशी म्हणाल्या, आता तुम्हाला माझी गरज नाही."

मी एवढंच म्हटलं, "दादा, तुम्ही स्वतःहून हे काढलंत तर तो अधिकारी म्हणेल, लायसन्स आणि शिकवणी हे एकच गाठोडं आहे. मग सगळ्यावरच कर लावेल. मशीन जाईल."

"त्यांनी विचारलंय ना, आणखी काही दिलं का? मग सांगायलाच हवं."

"सांगूच. लपवा म्हणत नाहीये मी. पण 'पूर्ण जमतं' हे आपल्या तोंडानं कशाला म्हणायचं?"

वहिनी म्हणाल्या, "ताई, यांना तेवढं म्हणायला लावू नका. दुसरं काहीही सांगा."

मग मी ती फी उत्तरात घातली, बिलं जोडली, आणि शिकवणी ही सॉफ्टवेअरच्या विक्रीसोबतची किरकोळ मदत होती, असा एक मुद्दा मांडून ठेवला. तोही खोटा नव्हता, नुसता लंगडा होता. समक्ष म्हणणं मांडायची वेळ मागितली आणि ती मिळाली.

अधिकारी मध्यम वयाचे होते. आवाज न चढवता बोलणारे. असे अधिकारी जास्त अवघड, हे माझं मत. टेबलावर आमचा कागदांचा गठ्ठा होता आणि त्यांनी तो खरंच वाचलेला होता, हे पहिल्या दोन प्रश्नांतच कळलं.

"या सॉफ्टवेअरच्या प्रती काढून तुम्ही विकू शकता?" त्यांनी दादांना विचारलं.

"नाही साहेब. दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकायचं तरी त्यांना विचारावं लागतं."

"आतल्या रचनेत काही बदल?"

"आतलं मला काय कळतंय? मी दात करतो."

मी लायसन्सच्या करारातलं कलम दाखवलं, त्या कंपनीचा तिथल्या कर खात्याचा दाखला दाखवला, इथे त्यांचं कार्यालय नसल्याचं त्यांचं पत्र दिलं. त्यांनी मान हलवली, काहीतरी लिहून घेतलं आणि कार्डाच्या बिलांवर बोट ठेवलं.

"हे शिकवण्याचे?"

"साहेब, ही शिकवणी मुळात सॉफ्टवेअरच्या..." मी सुरुवात केली.

"त्यांना बोलू द्या, मॅडम." आणि दादांकडे वळून, "या बाईंच्या मदतीशिवाय तुम्हाला आता हे काम येतं?"

मी दादांकडे बघितलं नाही. उगाच माझ्या नजरेचं ओझं नको त्यांच्यावर.

"येतं साहेब," दादा म्हणाले. "पूर्ण येतं. बाईंनी हातचं काही राखलं नाही."

"हे उत्तर तुमच्या विरुद्ध जातं, हे तुमच्या सीएंनी सांगितलंय ना?"

"सांगितलंय. रागावूनही सांगितलंय. पण येत नाही म्हटलं तर बाईंनी दोन वर्षं शिकवलं ते वाया गेलं, असं होईल ना. ते काही वाया गेलं नाही. माझं पोट त्यावर चालतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग कर का कापला नाहीत?"

"शिकवणाऱ्याच्या पैशाला हात लावायचा धीर झाला नाही. चूक झाली."

"चूकच आहे ती. तो कर त्या कंपनीचा होता. तुम्ही कापला नाहीत, म्हणून तो आता तुमच्यावर आला. आणि करारानुसार तो तुम्हीच सोसायचा ठरलंय, तेव्हा तुम्ही दिलेली फी ही कर वजा जाऊन उरलेली रक्कम समजायची. मूळ फी त्याहून मोठी धरून तिच्यावर हिशेब करावा लागेल."

"करा साहेब. भरतो."

बाहेर आल्यावर आम्ही जिन्याजवळच्या बाकावर बसलो. मला वाटत होतं, संपलं, आता साहेब सगळं एका माळेत ओवणार. मी त्यांना तसं म्हटलंही. दादा म्हणाले, "ताई, तुम्ही फार मेहनत घेतलीत हो." अशा वेळी माणसानं निदान थोडं तरी घाबरावं ना? मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी माया आली, की दोन्ही एकदम सांभाळता येईना. मी पर्समध्ये रुमाल शोधत बसले.

आदेश यायला वेळ लागला. त्या दिवसांत दादांनी एकदाही फोन करून विचारलं नाही. वहिनींनी मात्र रोज केला.

आदेश आला तेव्हा मी तो ऑफिसात उभ्या उभ्याच वाचला, आणि मग तसाच घेऊन त्यांच्याकडे गेले. फोनवर सांगवलं नसतं. दादा भट्टीतून कॅप काढत होते. वहिनींनी दार उघडलं आणि माझा चेहरा वाचायला लागल्या.

"लायसन्सवर काही नाही," मी म्हटलं. "ते पैसे नुसत्या वापराचे, त्यावर कर कापायची गरज नव्हती, असं साहेबांनी साफ लिहिलंय. दोन्ही बिलं वेगळी, कामं वेगळी, म्हणून वेगळी धरली. मशीन राहिलं."

वहिनी खुर्चीत बसल्या. त्यांचा जीव भांड्यात पडलेला मी डोळ्यांनी बघितला.

"बाईंच्या फीवर मात्र कर आणि व्याज बसलंय." मी आकडा सांगितला. नव्या भट्टीसाठी त्यांनी बाजूला ठेवलं होतं, जवळपास तेवढाच होता तो.

"ही भट्टी चालतेय अजून," वहिनी म्हणाल्या. "चिडचिड करते, पण चालते. ताईंसारखी."

मला हसू आलं. दादा हसले नाहीत, ते आदेश वाचत होते. वाचता वाचता एका जागी थांबले, आणि कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे काय लिहिलंय? मोठ्यानं वाचा जरा."

मी वाचलं. "करदात्याने स्वतः स्पष्टपणे सांगितल्यानुसार, शिकवणाऱ्या व्यक्तीने आपले कौशल्य करदात्यास संपूर्णपणे दिलेले असून, करदाता ते काम आता तिच्या मदतीशिवाय स्वतंत्रपणे व कुशलतेने करीत आहे."

"कुशलतेने," दादा म्हणाले.

खरं सांगायचं तर त्या शब्दाची आदेशात काही गरज नव्हती. कर लावायला 'स्वतंत्रपणे' एवढं पुरलं असतं. तो शब्द साहेबांनी स्वतःच्या मनानं घातला होता.

"एवढंच वाक्य मला इंग्रजीत करून द्याल? बाईंना पाठवतो," दादा म्हणाले. "कराचं काही लिहू नका. त्यांना वाईट वाटेल."

"कराचं लिहायलाच हवं. पावती पाठवायची आहे त्यांच्या कंपनीला," मी म्हटलं, पण आवाज चढला नाही. तिथेच बसून वाक्य भाषांतर करून दिलं. खाली लिहिलं, की हे आमच्या सरकारच्या अधिकाऱ्यानं अधिकृत आदेशात लिहिलेलं आहे. कराचंही एका ओळीत लिहिलं.

उत्तर काही दिवसांनी आलं. दादांना पहिली ओळ वाचूनच पुढचं वाचवेना, म्हणून वहिनींनी मला बोलावून घेतलं. बाईंनी लिहिलं होतं, की त्या नोकरीतून निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी सगळे चांगलं बोलले, पण त्यांनी कोणाला काय दिलं, ते आजवर कोणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. तुमच्या साहेबांचं वाक्य मी छापून घेतलंय. आणि कराबद्दल वाईट कशाला वाटेल? आमच्याकडे माझ्या प्रत्येक पगारातून तो कापला जायचा. तुम्ही कापला असतात तर मला कळलंही नसतं.

"बघा," मी म्हटलं. "कळलंही नसतं म्हणतायत. व्याज तरी वाचलं असतं आपलं."

दादांनी डोळे पुसले. हात थरथरत होता, त्यामुळे जरा वेळ लागला.

"आणि वाक्य?" ते म्हणाले. "ते कुठून आलं असतं?"

मी बसून रडले थोडी, सरळ रडले, आणि वहिनींनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. खालून सायकलच्या दुकानातल्यानं हाक मारली, डॉक्टरांचा माणूस कॅप न्यायला आलाय. दादा उठून ती डबीत भरायला गेले.